स्टॉप कोडॉन कुठे आला, ते आधी बघा

बीटा ग्लोबिन हे आपल्या हिमोग्लोबिनचं अर्धं अंग, दुसरं अर्धं अल्फा ग्लोबिनचं. त्याच्या जनुकात होणारे दोन बदल शेजारी ठेवून बघू. दोन्हींत एकच अक्षर बदलतं, आणि दोन्हींत अमिनो आम्लाच्या जागी 'इथे थांबा' अशी सूचना तयार होते. पहिला बदल ३९व्या कोडॉनवर, म्हणजे जनुकातल्या तीन अक्षरांच्या ३९व्या शब्दावर होतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर दिसणारं बीटा थॅलेसेमिया बहुतांशी या एकाच बदलामुळे होतं. दुसरा बदल १२१व्या कोडॉनवर होतो आणि तो फार कमी कुटुंबांत सापडला आहे.

बीटा ग्लोबिनची साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. पहिल्या बदलात तिची जेमतेम ३८ आम्लं जोडली जातील, दुसऱ्यात १२०. म्हणजे दुसरा बदल सौम्य असायला हवा, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं घडतं. ३९व्या कोडॉनचा बदल एकाच प्रतीत असेल तर माणूस फक्त वाहक असतो. रक्ततपासणीत लाल पेशी थोड्या लहान दिसतात, हिमोग्लोबिन किंचित कमी असतं, आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही कळतही नाही. १२१व्या कोडॉनचा बदल मात्र एका प्रतीत असला तरी माणूस आजारी पडतो. अ‍ॅनिमिया, कावीळ, वाढलेली प्लीहा असं सगळं मागे लागतं, आणि तेही दुसरी प्रत पूर्ण निरोगी असताना.

हे का होतं ते नीट समजलं, तर जनुकीय रिपोर्टवरचा 'ट्रंकेटिंग व्हेरियंट', म्हणजे प्रथिन मध्येच तोडणारा बदल, हा शेरा कसा वाचायचा तेही समजतं. याचं उत्तर पेशीच्या एका यंत्रणेत आहे. तिला नॉनसेन्स-मीडिएटेड डिके म्हणतात, थोडक्यात एनएमडी. अवेळी थांबणारे संदेश ही यंत्रणा ओळखते आणि नष्ट करते.

जनुकाची पहिली नक्कल निघते ती लांबलचक असते. तिच्यात कामाचे तुकडे असतात, त्यांना एक्झॉन म्हणतात. मध्ये बिनकामाचे तुकडे असतात, ते इंट्रॉन. पेशीच्या केंद्रकातच इंट्रॉन कापून टाकले जातात आणि एक्झॉन एकमेकांना जोडले जातात. हेच स्प्लायसिंग. मग तयार झालेला मेसेंजर आरएनए केंद्रकाबाहेर जातो. तिथे रायबोसोम त्याच्यावर चढतो आणि तीन-तीन अक्षरांचे कोडॉन वाचत एकेक अमिनो आम्ल जोडत जातो. यूएए, यूएजी किंवा यूजीए यांपैकी एखादा कोडॉन आला की तो थांबतो आणि प्रथिन सोडून देतो. या तिघांना स्टॉप कोडॉन म्हणतात. प्रत्येक संदेशाच्या शेवटी यातला एक असतोच. अडचण होते ती तो मध्येच आला तर.

पण रायबोसोमला 'मध्येच' म्हणजे काय ते कसं कळणार? तो एका वेळी तीन अक्षरं वाचतो. पुढे अजून किती संदेश शिल्लक आहे, हे त्याला दिसत नाही. खरा स्टॉप आणि चुकीचा स्टॉप अक्षराला अक्षर सारखेच असतात. म्हणजे हा फरक संदेशाच्या अक्षरांत नसून दुसरीकडे कुठेतरी नोंदलेला असायला हवा.

ती नोंद स्प्लायसिंगच्या वेळीच होते. दोन एक्झॉन जिथे जोडले जातात, त्या जोडाच्या साधारण २० ते २४ अक्षरं अलीकडे प्रथिनांचा एक छोटा गट येऊन बसतो. त्याला एक्झॉन जंक्शन कॉम्प्लेक्स म्हणतात, सोयीसाठी ईजेसी म्हणू. शिंपी कापड शिवताना आधी जोडावर कच्चा टाका घालतो आणि मशीनची शिलाई झाली की तो ओढून काढतो. ईजेसीचं काम तसंच आहे. रायबोसोम पहिल्यांदा संदेशावरून जातो तेव्हा वाटेतला प्रत्येक ईजेसी तो ढकलून पाडतो. बहुतेक जनुकांत खरा स्टॉप कोडॉन शेवटच्या एक्झॉनमध्ये असतो. त्यामुळे तिथे पोचेपर्यंत सगळे कच्चे टाके निघालेले असतात. रायबोसोम थांबला आणि पुढे अजून एखादा टाका शिल्लक आहे, तर याचा अर्थ तो लवकर थांबला.

हे पेशीला नेमकं कळतं कसं, तेही पाहू. स्टॉप कोडॉनवर रायबोसोम थांबला की साखळी सोडवण्यासाठी ईआरएफ1 आणि ईआरएफ3 ही प्रथिनं येतात. त्यांच्यासोबत यूपीएफ1 नावाचं प्रथिन असतं. पुढे ईजेसी शिल्लक असेल तर त्याच्यावर यूपीएफ3 आणि यूपीएफ2 आधीच बसलेली असतात. ही तिघं एकत्र आली की एसएमजी1 नावाचं एन्झाइम यूपीएफ1 वर फॉस्फेट चिकटवतं. तिथून पुढे संदेशाची सुटका नसते. एसएमजी6 स्टॉप कोडॉनच्या जवळच संदेश कापतं. एसएमजी5 आणि एसएमजी7 दुसरी एन्झाइमं बोलावतात. ती संदेशाची शेपटी कुरतडतात आणि टोकावरची संरक्षक टोपी काढून टाकतात. मग दोन्ही बाजूंनी उरलेला आरएनए संपवला जातो.

यातून एक मोजता येणारा नियम निघतो. ईजेसी जोडाच्या २०-२४ अक्षरं मागे बसतो आणि रायबोसोमलाही स्वतःची थोडी जागा लागते. म्हणून स्टॉप कोडॉन शेवटच्या जोडाच्या अगदी जवळ असेल, तर रायबोसोम थांबता थांबताच त्या ईजेसीला पाडतो आणि धोक्याची खूण उरत नाही. स्टॉप कोडॉन शेवटच्या जोडाच्या साधारण ५० ते ५५ अक्षरांहून जास्त अलीकडे असेल तर संदेश नष्ट होतो. त्याहून जवळ किंवा शेवटच्याच एक्झॉनमध्ये असेल तर संदेश वाचतो. प्रयोगशाळेत रोज वापरतात तो ५५ अक्षरांचा नियम हाच.

या यंत्रणेचा शोध आणि थॅलेसेमिया यांचा संबंध जवळचा आहे. १९७९ मध्ये फ्रान्समध्ये लॉसों आणि लाक्रूत यांना यीस्टमध्ये दिसलं की स्टॉप कोडॉन लवकर आला की तो संदेशच टिकत नाही. त्याच वर्षी चँग आणि कान यांनी बीटा थॅलेसेमियाच्या एका रुग्णात १७व्या कोडॉनवर आलेला स्टॉप शोधला. माणसात सापडलेला असा तो पहिलाच बदल होता. १९८१ मध्ये लिन मॅक्वाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रुग्णांच्या पेशींत बीटा ग्लोबिनचा संदेश तयार होतो, पण लगेच नाहीसा होतो. त्या नाहीशा होण्याचा ईजेसीशी असलेला संबंध पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडला.

आता आपले दोन बदल या नियमावर तपासू. बीटा ग्लोबिन जनुकाचं नाव HBB आहे आणि त्याला फक्त तीन एक्झॉन आहेत, त्यामुळे हिशेब सोपा होतो. प्रथिनासाठीची अक्षरं मोजली तर पहिला एक्झॉन ९२व्या अक्षरावर संपतो, दुसरा ३१५व्या अक्षरावर, आणि तिसरा ३१६ पासून ४४४ पर्यंत जातो. म्हणजे शेवटचा जोड ३१५ आणि ३१६ यांच्या मध्ये आहे.

रिपोर्टवर हे बदल असे दिसतात:

```
HBB:c.118C>T   p.(Gln40Ter)
HBB:c.364G>T   p.(Glu122Ter)
```

इथे ३९ चे ४० आणि १२१ चे १२२ झालेले दिसतील. बदल तेच आहेत, मोजणी वेगळी आहे. रक्तविज्ञानातली जुनी पद्धत सुरुवातीचं मेथिओनिन मोजत नाही, कारण ते पुढे कापून टाकलं जातं. आजच्या रिपोर्टची पद्धत ते मोजते. जुना लेख आणि नवा रिपोर्ट ताडून बघताना एकाचा फरक लक्षात ठेवला नाही, तर दोन वेगळे बदल आहेत असं वाटून जातं.

पहिल्या बदलात नवा स्टॉप कोडॉन ११८ ते १२० या अक्षरांवर आहे. शेवटच्या जोडापासून तो ३१५ वजा १२०, म्हणजे १९५ अक्षरं अलीकडे आहे. ५५ पेक्षा खूपच जास्त. रायबोसोम थांबतो, पुढे ईजेसी तसाच असतो, आणि संदेश नष्ट होतो. प्रथिनाचे ३८ आम्लांचे तुकडे पेशीत साचत नाहीत, कारण ते बनवणारा संदेशच जवळजवळ उरत नाही. दुसरी प्रत तिचं काम करत राहते. बीटा साखळ्या साधारण निम्म्या होतात, थोड्या अल्फा साखळ्या जास्तीच्या उरतात, आणि लाल पेशी घडवणाऱ्या पेशी तेवढा कचरा साफ करू शकतात. म्हणून वाहक ठणठणीत राहतो.

दुसऱ्या बदलात नवा स्टॉप ३६४व्या अक्षरापासून सुरू होतो. हा भाग तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या एक्झॉनमध्ये आहे. त्याच्या पुढे एकही जोड नाही, त्यामुळे ईजेसीही नाही. पेशीच्या दृष्टीने हा स्टॉप अगदी नेहमीसारखाच असतो. संदेश टिकतो आणि त्यावरून पुन्हा पुन्हा १२० आम्लांची बीटा साखळी बनत राहते. शेवटची २६ आम्लं नसल्यामुळे ती नीट घडी घालू शकत नाही आणि अल्फा साखळीबरोबर टिकाऊ हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. वर अल्फा साखळ्या जास्तीच्या उरलेल्या असतातच. आता त्यांच्या जोडीला हे बिघडलेले तुकडेही येतात. दोन्ही मिळून गोळे होऊन बसतात, पेशीची साफसफाईची क्षमता संपते, आणि लाल पेशी अस्थिमज्जेतच मरतात. १९९४ मध्ये हॉल आणि थीन यांनी हे दाखवून दिलं की शेवटच्या एक्झॉनमध्ये स्टॉप आला तर बीटा ग्लोबिनचा संदेश कमी होत नाही. त्यातूनच या प्रकारच्या थॅलेसेमियाचं कोडं सुटलं. याला डॉमिनंट बीटा थॅलेसेमिया म्हणतात. थॅलेसेमिया एरवी क्वचितच दिसतो अशा युरोपीय कुटुंबांतही तो सापडला आहे.

पेशीच्या दृष्टीने अर्धवट बीटा साखळीपेक्षा काहीच नसणं कितीतरी बरं. एनएमडी इथे वाहकाचं थेट रक्षण करते. मला वाटतं, ३९व्या कोडॉनसारखे बदल मलेरियाच्या प्रदेशांत इतके पसरू शकले, त्यामागेही हीच गोष्ट असावी. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं आणि त्याची प्रकृतीही चांगली राहते. वाहक स्वतःच आजारी असता तर तो बदल इतक्या पिढ्या टिकला नसता.

कुटुंबाला सल्ला देताना या फरकाचं वजन कळतं. ३९व्या कोडॉनचा वाहक आणि त्याची वाहक नसलेली जोडीदार यांच्या मुलांना थॅलेसेमिया मेजर होत नाही, फार तर ती वाहक होतील. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के धोका असतो. म्हणून जोडीदाराची तपासणी करायची. १२१व्या कोडॉनच्या बदलात एकाच पालकाकडून आलेली प्रत पुरेशी असते, त्यामुळे जोडीदाराचा रिपोर्ट पूर्ण सामान्य असला तरी प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोन्ही रिपोर्टवर 'नॉनसेन्स व्हेरियंट, पॅथोजेनिक' असंच लिहिलेलं असेल. पण त्यावरून कुटुंबाला जे सांगायचं, ते मात्र पूर्ण वेगळं असतं.

आता नियमाला बगल देणारी एक गोष्ट. ती आपल्याकडच्या रुग्णांशी थेट जोडलेली आहे. भारतात बीटा थॅलेसेमियाचे जे बदल वारंवार सापडतात, त्यांत १५व्या कोडॉनवरचा एक आहे. टीजीजीचं टीएजी होतं, म्हणजे ट्रिप्टोफॅनच्या जागी स्टॉप. रिपोर्टवर तो `HBB:c.47G>A` असा लिहिला जातो. ५५ अक्षरांचा नियम लावला तर स्टॉप कोडॉन ४८व्या अक्षरावर संपतो आणि शेवटचा जोड तिथून २६७ अक्षरं पुढे आहे. म्हणजे संदेश नष्ट व्हायला हवा. पण २००० साली रोमाँव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हा संदेश जवळजवळ नेहमीच्याच प्रमाणात शिल्लक असल्याचं दिसलं.

कारण असं की संदेशाची सुरुवात आणि शेवट पेशीत एकमेकांपासून दूर नसतात. शेपटीवर बसणारं पॉली-ए बाइंडिंग प्रथिन सुरुवातीच्या टोपीजवळच्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि संदेशाची गोल कडी होते. रायबोसोम सुरुवातीपासून अगदी थोडं अंतर जाऊन थांबला, तर हे प्रथिन त्याच्या जवळच असतं, आणि यूपीएफ1 ला काम करायची संधीच मिळत नाही. पेशीला वाटतं, थांबणं योग्य ठिकाणीच झालं. पुढे ईजेसी शिल्लक असूनही संदेश वाचतो. काही दुसऱ्या जनुकांत सुरुवातीच्या स्टॉपनंतर रायबोसोम पुढच्या एखाद्या मेथिओनिनपासून पुन्हा वाचायला सुरुवात करतो, त्यामुळेही असे संदेश वाचतात.

मग १५व्या कोडॉनच्या वाहकाला १२१व्या कोडॉनसारखा त्रास का होत नाही? कारण इथे जे बनतं ते फार लहान असतं. जेमतेम १४-१५ आम्लांचा तुकडा. तो घडी घालण्याइतकाही लांब नसतो, अल्फा साखळीला धरू शकत नाही, आणि पेशी तो लगेच संपवते. शेवटी परिणाम ३९व्या कोडॉनसारखाच होतो. त्या प्रतीतून बीटा ग्लोबिन शून्य, वाहक निरोगी, आणि दोन्ही प्रतींत बदल असेल तर थॅलेसेमिया मेजर. संदेश एनएमडीतून सुटला एवढ्यावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, हे या बदलावरून मला सगळ्यात स्वच्छ दिसतं. सुटलेल्या संदेशातून काय बनतं, तेही पाहायलाच हवं.

यातून आणखी एक मुद्दा निघतो. बदल कुठे झाला यापेक्षा नवा स्टॉप कुठे आला, हे महत्त्वाचं. आतापर्यंत पाहिलेल्या, थेट स्टॉप आणणाऱ्या नॉनसेन्स बदलात दोन्ही जागा एकच असतात, पण वाचनाची तीन-तीन अक्षरांची चौकट सरकवणाऱ्या फ्रेमशिफ्टमध्ये त्या वेगळ्या असतात. आपल्याकडे वारंवार दिसणारा ४१/४२ कोडॉनचा बदल घ्या. त्यात चार अक्षरं गळतात:

```
HBB:c.126_129del   p.(Phe42LeufsTer19)
```

शेवटचा आकडा इथे महत्त्वाचा आहे. ४२व्या आम्लापासून वाचनाची चौकट सरकते आणि ४२ ला एक धरून मोजलं तर १९व्या जागी, म्हणजे ६०व्या कोडॉनवर स्टॉप येतो. मूळ संदेशाच्या मोजणीत तो १८४व्या अक्षराजवळ संपतो. शेवटच्या जोडापासून अंतर सुमारे १३० अक्षरं भरतं, म्हणजे संदेश नष्ट होणार. असाच एखादा बदल दुसऱ्या एक्झॉनच्या शेवटाकडे झाला आणि सरकलेल्या चौकटीतला स्टॉप तिसऱ्या एक्झॉनमध्ये पडला, तर मात्र संदेश वाचेल. बदल दुसऱ्या एक्झॉनमध्ये आहे म्हणून रिपोर्टवर नुसतंच 'एनएमडी अपेक्षित' लिहिणं तिथे चूक ठरेल. घाईत ही चूक सहज होते, कारण संगणक एक्झॉनचा क्रमांक आपोआप दाखवतो. स्टॉपची जागा मात्र मोजावी लागते.

हे सगळं रिपोर्टच्या वर्गीकरणात कसं येतं ते पाहू. एसीएमजी आणि एएमपी या अमेरिकन संस्थांनी २०१५ मध्ये जनुकीय बदल वर्गीकृत करण्याची चौकट दिली. जगभरच्या आणि आपल्याकडच्याही प्रयोगशाळा ती वापरतात. तिच्यात सगळ्यात वजनदार पुरावा आहे PVS1. जनुकाचं काम बंद पडल्याने आजार होतो हे माहीत असेल, आणि हा बदल ते काम बंद पाडणारा असेल, तर हा पुरावा लावायचा. सुरुवातीला बरेच लोक कुठल्याही स्टॉपला PVS1 लावून मोकळे होत. २०१८ मध्ये जनुकीय बदलांचा अर्थ ठरवणाऱ्या क्लिनजेन या प्रकल्पाच्या गटाने त्यासाठी पायरीपायरीने जायचा आराखडा दिला आणि त्यात एनएमडीचा प्रश्न अगदी वर ठेवला.

संदेश नष्ट होणं अपेक्षित असेल आणि तो एक्झॉन त्या ऊतीत खरोखर वापरला जाणाऱ्या संदेशात असेल, तर पूर्ण वजन द्यायचं. संदेश वाचणार असेल, तर विचारायचं की कापला गेलेला भाग प्रथिनाच्या कामाला अत्यावश्यक असल्याचं माहीत आहे का. असेल तर वजन एक पायरी कमी करायचं. माहीत नसेल तर पाहायचं की त्या एक्झॉनमधले असे बदल निरोगी लोकांत वारंवार सापडतात का. सापडत असतील तर PVS1 लावायचाच नाही. नसतील तर प्रथिनाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग जातो की कमी, त्यावरून वजन ठरतं.

शेवटच्या एक्झॉनमधला प्रत्येक स्टॉप वाईट नसतो. याचं प्रसिद्ध उदाहरण BRCA2 जनुकात आहे. `c.9976A>T` हा बदल ३३२६व्या आम्लाच्या जागी स्टॉप आणतो. प्रथिनाची एकूण लांबी ३४१८ आम्लं आहे, म्हणजे फक्त शेवटची ९३ जातात. स्टॉप शेवटच्या एक्झॉनमध्ये असल्याने संदेश टिकतो आणि प्रथिन आपलं मुख्य काम करत राहतं. हा बदल सामान्य लोकांतही बऱ्यापैकी सापडतो. BRCA2 मधल्या इतर स्टॉप बदलांना जो स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा मोठा धोका जोडलेला आहे, त्या गटात तो धरला जात नाही. पण हा बदल असलेल्या बाईने नुसता 'BRCA2, स्टॉप' एवढाच शेरा वाचला, तर तिला काय वाटेल, आणि ती कुठल्या शस्त्रक्रियेचा विचार करू लागेल, याची कल्पना करवत नाही.

५५ अक्षरांचा नियम अंदाज देतो. तो खात्री देत नाही. एकाच एक्झॉनच्या जनुकात जोडच नसतो, त्यामुळे तिथे ईजेसीच्या वाटेने एनएमडी होत नाही. फार लांब एक्झॉनच्या मध्ये स्टॉप आला तर यंत्रणा नीट काम करत नाही. वेगवेगळ्या ऊतींत आणि वेगवेगळ्या माणसांत तिचा जोरही कमी-जास्त असतो. आणि संदेश नष्ट होतो म्हणजे शंभर टक्के जातो असंही नाही. थोडाफार भाग बहुतेक वेळा उरतोच. म्हणून शक्य असेल तिथे आरएनए तपासून पाहणं चांगलं.

ती तपासणी कशी दिसते? ३९व्या कोडॉनच्या वाहकाचा डीएनए वाचला तर ११८व्या जागी सी आणि टी अशी दोन शिखरं जवळपास सारख्या उंचीची दिसतात. त्याच माणसाच्या रक्तातल्या कोवळ्या लाल पेशींमधून आरएनए काढून, त्याचा डीएनए बनवून तीच जागा वाचली, तर सीचं शिखर उंच राहतं आणि टीचं जवळजवळ सपाट होतं. बदललेल्या प्रतीचा संदेश पेशीने संपवल्याचा तो थेट पुरावा. १२१व्या कोडॉनच्या रुग्णात मात्र ३६४व्या जागी आरएनएमध्येही दोन्ही शिखरं दिसतात.

पण इथेही एक खड्डा आहे. स्प्लायसिंग बिघडवणारा बदल असेल तर चुकीच्या जोडणीने तयार झालेल्या संदेशात बहुतेक वेळा चौकट सरकते, स्टॉप लवकर येतो, आणि एनएमडी तोही संदेश संपवते. मग आरएनए तपासल्यावर फक्त निरोगी प्रतीचा संदेश दिसतो आणि प्रयोगशाळा लिहून मोकळी होते की स्प्लायसिंगवर परिणाम नाही. बिघडलेला संदेश नमुना काढायच्या आधीच पेशीने पुसून टाकलेला असतो. हे टाळायचं तर त्याच जनुकात, संदेशात उतरणाऱ्या भागात, दोन प्रतींत वेगळं असलेलं एखादं निरुपद्रवी अक्षर शोधायचं आणि आरएनएमध्ये त्याची दोन्ही रूपं दिसतात का ते बघायचं. एकच रूप दिसलं, तर दुसऱ्या प्रतीचा संदेश कुठेतरी गेलाय. जनुक रक्तातल्या लिम्फोसाइट किंवा त्वचेच्या पेशींत वापरलं जात असेल, तर त्या पेशी वाढवून काही तास सायक्लोहेक्झिमाइड किंवा प्युरोमायसिन देतात. या औषधांनी रायबोसोमचं काम थांबतं. रायबोसोम चालत नसेल तर कुठला स्टॉप लवकर आलाय हे ओळखायलाच कुणी नसतं, त्यामुळे एनएमडीही थांबते. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींचे नमुने शेजारी ठेवले की एरवी न दिसणारा बिघडलेला संदेश पहिल्या नमुन्यात दिसू लागतो, आणि त्यात कुठला एक्झॉन गळला तेही वाचता येतं.